हातोडा आणि स्पंद : काँक्रीटच्या तपासणीचा अहवाल कसा वाचावा

जुन्या शाळेच्या किंवा ग्रामपंचायत कार्यालयाच्या खांबांना तडे दिसू लागले की इमारत वापरावी की रिकामी करावी, हा निर्णय घेण्यापूर्वी बहुधा ‘विनाविध्वंसक चाचणी’चा अहवाल मागविला जातो. काँक्रीट न फोडता केलेली तपासणी, असा याचा अर्थ. अहवालात आकड्यांचे तक्ते असतात व अखेरीस काँक्रीटची ताकद दिलेली असते. ही ताकद कोणी मोजलेली नसते. ती अनुमानिलेली असते. अहवाल वाचताना हा भेद प्रथम ध्यानी घ्यावा लागतो.

यात दोन उपकरणे वापरली जातात. पहिले प्रतिक्षेप हातोडा. स्प्रिंगच्या जोराने आतील वजन काँक्रीटवर आदळते आणि परत उसळते. उसळी जितकी अधिक, तितका पृष्ठभाग कठीण. गिलावा काढून, पृष्ठभाग घासून, एकेका जागी किमान नऊ ठोके घेऊन सरासरी काढतात. गिलाव्यावरच हातोडा चालविला असेल तर ते आकडे गिलाव्याचे होत, खांबाचे नव्हेत! दुसरे उपकरण श्राव्यातीत स्पंदवेगमापक. खांबाच्या एका बाजूने कानाला ऐकू न येणारी ध्वनिलहर सोडतात व समोरच्या बाजूस ती किती मायक्रोसेकंदांत पोहोचते ते नोंदतात. अंतराला वेळेने भागले की वेग मिळतो. भरीव काँक्रीटमध्ये तो सेकंदाला साधारण साडेतीन किलोमीटरांहून अधिक असतो. तीनच्या खाली गेल्यास पोकळी अथवा तडे यांचा संशय येतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. सुमारे १९८५ मध्ये एम १५ प्रतीच्या काँक्रीटने बांधलेल्या शाळेतील दोन खांब तपासले. दोन्हींची जाडी ३०० मिलिमीटर. पहिल्या खांबाच्या पायथ्याशी हातोड्याचा सरासरी अंक ४२ आला, दुसऱ्याचा ३४. केवळ हातोड्यावर विसंबले तर पहिला खांब सरस ठरतो. परंतु पहिल्यातून स्पंद जाण्यास १०७ मायक्रोसेकंद लागले, म्हणजे वेग सेकंदाला २.८ किलोमीटर. दुसऱ्यात ७२ मायक्रोसेकंद लागले. वेग जवळजवळ ४.२ किलोमीटर. दोन उपकरणांनी परस्परविरुद्ध साक्ष दिली. अशा वेळी दोन्हींची सरासरी काढून ‘ताकद समाधानकारक’ असे लिहिणे ही दिशाभूल होय.

विरोधाचे कारण हवेत आहे. हवेतील कार्बन डाय ऑक्साइड वर्षानुवर्षे काँक्रीटमधील चुन्याशी संयोग पावतो आणि बाहेरचा थर कठीण होत जातो. हातोडा जेमतेम ३० मिलिमीटरांपर्यंतचाच भाग जाणतो. त्यामुळे जुन्या काँक्रीटवर तो बराच फुगलेला अंक दाखवितो, पलीकडे पोकळी असली तरीही. याची खूण सोपी आहे. नुकत्याच फोडलेल्या कपच्याच्या जागी फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण शिंपडावे. शाबूत काँक्रीट गुलाबी होते. हवेने बाधलेला थर रंगत नाही. हा थर सळईपर्यंत पोहोचला असेल तर चिंता अधिक, कारण सळईला गंजापासून राखणारी अल्कली तेथे उरलेली नसते. म्हणजे जो बदल हातोड्याचा अंक वाढवितो, तोच सळईचे संरक्षण घालवितो. गंज किती चढला, हे मात्र या दोहोंपैकी एकही उपकरण सांगत नाही.

खांबाच्या पायथ्याशी वेग का घटला? काँक्रीट उंचावरून ओतले गेले किंवा फर्म्याच्या सांध्यांतून सिमेंटचे पाणी निसटले, तर खाली खडी उघडी पडून मधाच्या पोळ्यासारखी पोकळी राहते. स्पंदाला वळसा घालावा लागतो. पण स्पंदवेगही निर्दोष साक्षीदार नव्हे. ओल्या काँक्रीटमध्ये तो वाढतो. वाटेत सळई लांबीने आली तरीही वाढतो, कारण पोलादात ध्वनी काँक्रीटपेक्षा वेगाने धावतो. म्हणून चांगल्या अहवालात सळयांच्या जागा, पृष्ठभागाची ओल व स्पंद समोरासमोर घेतला की एकाच बाजूने, याची नोंद असते.

हातोड्यावरून काढलेल्या ताकदीत पंचवीस टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो, असे १९९२ च्या भारतीय मानकातच नमूद होते. तोही त्याच काँक्रीटच्या ठोकळ्यांवर हातोडा पडताळला असेल तर. चाळीस वर्षांपूर्वीचे ठोकळे आज कोठून आणणार? हातोड्यावर छापलेला आलेख या खांबाचा नव्हे. तेव्हा अहवालात ‘४०’ लिहिले असल्यास ते ३० ते ५० यांमधील काहीही असू शकते, आणि बाधित थर असल्यास त्याहूनही कमी.

अशा ठिकाणी काँक्रीटचा गाभा कापून प्रयोगशाळेत दाबून पाहणे हाच आधार उरतो. सळया शोधून, भार टेकूंवर घेऊन, संरचना अभियंत्याच्या देखरेखीखालीच तो कापावा. सर्व खांबांत गाभे कापणे शक्य नसते. कोठे कापावेत, हे मात्र हातोडा व स्पंद उत्तम दाखवितात. उदाहरणातील पहिल्या खांबाविषयी प्रामाणिक अहवाल एवढेच लिहील : ‘पायथ्याशी पोकळीचा संशय, हातोड्याचा अंक ताकदीसाठी ग्राह्य नाही, गाभ्याची चाचणी होईपर्यंत टेकू द्यावेत व वरील खोली वापरू नये.’