तक्त्यातल्या चौथ्या ओळीचा हिशेब

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेपुढे पंपाचा अहवाल आला आहे असे समजा. जमिनीखालच्या टाकीतून गच्चीवर पाणी चढवणारा पंप जुना झाला आहे आणि तो बदलावा की नाही, हे ठरवायचे आहे. अहवालात सहा नोंदींचा तक्ता आहे. शेवटच्या रकान्यात पंप आणि मोटर यांची मिळून एकूण कार्यक्षमता दिली आहे : ४८, ४६, ४९, ४७, ४५, ४७ टक्के. सरासरी ४७. नव्या पंपाचा विक्रेता ५५ टक्क्यांची हमी देतो आहे. सभासदांपैकी एखादा निवृत्त अभियंता उठून विचारतो, ‘‘हे ४७ आले कुठून?’’ त्याला ज्या पानावर उत्तर मिळायला हवे, ते पान म्हणजे परिशिष्टातली नमुना आकडेमोड.

पॉलिटेक्निकच्या जर्नलपासून ऊर्जालेखापरीक्षणाच्या अहवालापर्यंत ही आकडेमोड सगळीकडे असते. बहुतेक ठिकाणी ती सबमिशनच्या आदल्या रात्री चिकटवलेली दिसते : एक सूत्र, त्याखाली काही आकडे, त्याखाली उत्तर. असे पान तपासता येत नाही, म्हणून ते असून नसल्यासारखेच. तक्त्यातली एक ओळ धरून मीटरवर आणि टेपवर दिसलेल्या मूळ आकड्यापासून शेवटच्या रकान्यातल्या उत्तरापर्यंत वाचकाला कुठेही उडी न मारता जाता आले पाहिजे.

मुख्य मजकुरात काय ठेवायचे, हे आधी ठरवू. सूत्र मजकुरातच हवे, कारण कार्यक्षमता म्हणजे नेमके काय मोजले, हा अहवालाचा गाभा आहे. पाण्याला मिळालेली शक्ती भागिले मीटरने दाखवलेली विजेची शक्ती, इतके तिथे सांगावे. निकालाचा तक्ताही तिथेच. आकडे घालून केलेला गुणाकार-भागाकार मात्र परिशिष्टात जावा, कारण शंभरातले नव्वद वाचक तो वाचणार नाहीत आणि उरलेले दहा तो शोधत येतील. त्या दहांसाठी मजकुरात असे वाक्य लागते : ‘प्रत्येक नोंदीवरून काढलेली एकूण कार्यक्षमता तक्ता ३ मध्ये दिली आहे. नोंद क्र. ४ चा संपूर्ण हिशेब नमुन्यादाखल परिशिष्ट ब मध्ये मांडला आहे.’ हे वाक्य तक्त्याच्या लगत हवे, कारण शंका तिथेच येते. ‘अधिक माहितीसाठी परिशिष्ट पाहावे’ असे लिहिले तर कोणत्या परिशिष्टात काय सापडेल, हे वाचकाला कळत नाही. परिशिष्टांना अ, ब, क ही अक्षरे मजकुरात त्यांचा उल्लेख येईल त्या क्रमाने द्यावीत. इथे मूळ नोंदींची नक्कल अ मध्ये आहे आणि हिशेब ब मध्ये. मजकुरात एकदाही उल्लेख नसलेले परिशिष्ट काढून टाकावे.

आता परिशिष्ट ब उघडू. सुरुवातीलाच कोणती नोंद घेतली ते हवे आणि तिचे मूळ आकडे एककांसह हवेत. गच्चीवरच्या टाकीची आतली लांबी ३.०० मीटर, रुंदी २.५० मीटर. टाकीतून खाली जाणारा व्हॉल्व्ह बंद ठेवून पंप १० मिनिटे चालवला, तेव्हा पाण्याची पातळी ०.४० मीटर वाढली. पंपाच्या डिलिव्हरीवरच्या गेजने ३.२ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब दाखवला. सक्शनवरच्या गेजने १५० मिलिमीटर पाऱ्याचा व्हॅक्यूम दाखवला. डिलिव्हरीचे गेज सक्शनच्या गेजपेक्षा ०.५ मीटर उंचावर आहे. पंपाच्या स्वतंत्र वीजमीटरवर ‘एका युनिटला ८०० पल्स’ असे छापले आहे आणि त्याचा लाल दिवा ५० सेकंदांत ४० वेळा लुकलुकला. इथपर्यंत हिशेब काहीच नाही. पण व्हॉल्व्ह बंद होता, हे एक वाक्य गाळले तर पुढचे सगळे निराधार होते. रहिवासी त्या वेळात पाणी वापरत असतील तर पातळी कमी चढेल आणि पंप आहे त्यापेक्षा वाईट ठरेल.

पहिली पायरी प्रवाहाची.

प्रवाह = ३.०० × २.५० × ०.४० ÷ ६०० = ०.००५ घनमीटर प्रति सेकंद, म्हणजे सेकंदाला ५ लिटर.

१० मिनिटांचे ६०० सेकंद कुठे झाले, हे इथे डोळ्यांना दिसते.

दुसरी पायरी हेडची, म्हणजे पंपाने पाण्यावर जो दाब चढवला तो पाण्याच्या किती मीटर उंचीएवढा होतो याची. १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे १० मीटर पाणी, म्हणून डिलिव्हरीचे ३२ मीटर. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणून सक्शनचे ०.१५० × १३.६ = २.०४ मीटर. गेजमधल्या उंचीचा फरक ०.५ मीटर.

एकूण हेड = ३२ + २.०४ + ०.५ = ३४.५४ मीटर.

इथे आणखी एक ओळ लिहायला हवी : सक्शनचा पाइप ६५ मिलिमीटरचा आणि डिलिव्हरीचा ५० मिलिमीटरचा असल्याने पाण्याचा वेग वाढतो, त्याचे सुमारे ०.२ मीटर होतात आणि ते एका टक्क्याहून कमी असल्याने सोडून दिले आहेत. काय सोडले आणि का, हे सांगितले की तपासणारा तिथे अडत नाही.

तिसरी पायरी शक्तीची.

पाण्याला मिळालेली शक्ती = ५ × ९.८१ × ३४.५४ = १६९४ वॉट.

पहिला आकडा सेकंदाला ५ लिटर म्हणजे ५ किलो पाण्याचा, दुसरा गुरुत्वाकर्षणाचा.

विजेची शक्ती = ४० × ३६०० ÷ (८०० × ५०) = ३.६ किलोवॉट, म्हणजे ३६०० वॉट.

कार्यक्षमता = १६९४ ÷ ३६०० = ०.४७, म्हणजे ४७ टक्के. पाहा तक्ता ३, नोंद क्र. ४.

शेवटची चार-पाच अक्षरे फार जण विसरतात. मजकूर परिशिष्टाकडे बोट दाखवतो, तसे परिशिष्टाने परत तक्त्याकडे दाखवले पाहिजे.

या मांडणीचा खरा उपयोग हेडच्या पायरीत दिसतो. सक्शनवर व्हॅक्यूम असेल तर ते २.०४ मीटर मिळवायचे असतात, कारण तेवढे पाणी पंपाने खालून ओढलेले असते. जमिनीखालची टाकी भरलेली असताना मात्र पाणी पंपापेक्षा वर राहते, सक्शनचा दाब पंपाला मदत करतो आणि मग तो वजा करायचा असतो. एक्सेलमध्ये हे सूत्र एकदा लिहून सहाही ओळींत खाली ओढले आणि चिन्ह चुकले, तर सहाही ओळी सारख्याच चुकतात. आपल्या ओळीत २.०४ मिळवण्याऐवजी वजा झाले तर हेड ३०.४६ मीटर येते आणि कार्यक्षमता ४१.५ टक्के. हा आकडा पाहून कोणालाही खटकणार नाही. जुन्या पंपाला तो शोभूनच दिसतो. पण निर्णय बदलतो. ४७ वरून ५५ टक्क्यांवर गेले तर विजेची बचत सुमारे साडेचौदा टक्के होते, ४१.५ वरून गेले तर साडेचोवीस टक्के दिसते. नव्या पंपाचे पैसे किती वर्षांत वसूल होतील, हे या फरकावर ठरणार. तक्त्याकडे कितीही वेळ पाहिले तरी ही चूक सापडत नाही. परिशिष्टात ‘३२ − २.०४’ असे लिहिलेले मात्र जाणकाराला क्षणात दिसते.

म्हणूनच नमुन्याला कोणती ओळ घ्यायची, हा प्रश्न सोपा नाही. सगळ्यात चांगला निकाल आलेली ओळ घेण्याचा मोह होतो. घ्यावी ती सगळ्या पायऱ्यांतून जाणारी ओळ. सहांपैकी काही नोंदी टाकी भरलेली असताना घेतल्या असतील आणि काही ती उतरलेली असताना, तर दोन्ही प्रकारांची एकेक आकडेमोड द्यावी. दुसऱ्या वेळी फक्त हेडची पायरी पुरते. सहाही ओळींचा हिशेब छापण्यात मला अर्थ वाटत नाही. त्या गर्दीत कोणीच काही तपासत नाही.

परिशिष्टातले उत्तर तक्त्यातल्या उत्तराशी जुळलेच पाहिजे. एक्सेलमध्ये ९.८१ धरले आणि परिशिष्टात हाताने सोपे म्हणून १० घेतले, तर इथे ४८ येतात आणि तिथे ४७. फरक एका टक्क्याचा, पण वाचक म्हणतो की हा हिशेब त्या तक्त्याचा नव्हेच, आणि त्याचे म्हणणे बरोबर असते. मधल्या पायऱ्यांत आकडे तोडू नयेत, पूर्णांकात आणायचे ते शेवटी. उलट ४७.०६ टक्के असे छापणेही योग्य नाही. पातळी टेपने मोजली आहे. टेप वाचण्यात ५ मिलिमीटर इकडेतिकडे झाले तर ४०० मिलिमीटरमागे सव्वा टक्का फरक पडतो आणि ४७ चे ४६.४ किंवा ४७.६ होतात. दशांशानंतरच्या दोन आकड्यांना मोजमापाचा आधार नाही.

एवढे सगळे नीट केले तरी एका ओळीचा हिशेब एका ओळीपुरताच बोलतो. कार्मेन रेनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये देशांवरचे कर्ज आणि त्यांच्या वाढीचा वेग यांवर एक लेख लिहिला आणि तो जगभर गाजला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला थॉमस हर्न्डन हा विद्यार्थी त्यांचे आकडे पुन्हा काढून पाहत होता. ते जुळेनात, म्हणून त्याने लेखकांकडून एक्सेलची फाइलच मागवली. तीत सरासरीच्या सूत्राने खालच्या पाच ओळी, म्हणजे ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क, धरल्याच नव्हत्या. त्याच्या दोन प्राध्यापकांसह त्याने ते प्रसिद्ध केले. लेखावरचे आक्षेप एवढ्या एकाच चुकीचे नव्हते, पण ही चूक कोणत्याही एका देशाच्या नमुना आकडेमोडीत दिसली नसती.

तेव्हा परिशिष्ट ब च्या शेवटी सरासरीही मांडावी : (४८ + ४६ + ४९ + ४७ + ४५ + ४७) ÷ ६ = २८२ ÷ ६ = ४७ टक्के. सभेपुढे जाणारा आकडा हाच आहे आणि त्यात सहाही ओळी आल्या की नाही, हे या एका ओळीत कळते.

अहवाल देण्यापूर्वी मोजमापाच्या वेळी हजर नसलेल्या एखाद्याच्या हातात परिशिष्ट अ, परिशिष्ट ब आणि एक कॅल्क्युलेटर द्या. तुम्हाला काहीही न विचारता त्याला ४७ काढता आले पाहिजेत. त्याने जे विचारले, ते परिशिष्टात लिहायचे राहिले आहे. ते लिहा आणि मगच अहवाल द्या.