बीड जाळतो, कॉइल परत करते

कॉमन-मोड चोकबद्दल या आठवड्यात लिहायचं कबूल केलं होतं, पण तो विषय आठवडाभर पुढे ढकलतो, कारण वरठीहून एक फार चांगलं पत्र आलं आहे. गेल्या भागातला एलएम २५९६ चा बक मोड्यूल या वाचकांनी सोलरच्या बॅटरीला जोडून त्यावर रेडिओ चालवला. ५८५ किलोहर्ट्झवर नागपूर आकाशवाणी लावली की मागे बारीक शिट्टी वाजते. त्यांनी पॉझिटिव्ह वायरीत फेराइट बीड घातला, तरी शिट्टी तशीच राहिली. मात्र १००.६ वरच्या विविध भारतीची खरखर चांगलीच निवळली. बीड खराब आहे, की भंडारा रोड स्थानकावरून जाणाऱ्या रेल्वेच्या तारांचा हा त्रास आहे, असं ते विचारतात.

उत्तर त्यांच्याच पत्रात आहे. मोड्यूल काढून रेडिओ सेलवर चालवला की शिट्टी जाते, आणि मोड्यूल तापत गेला की तिचा सूर सरकतो. म्हणजे रेल्वेचा काही दोष नाही. हा मोड्यूल सेकंदाला साधारण दीड लाख वेळा चालू-बंद होतो, पण नेमका आकडा १२७ ते १७३ किलोहर्ट्झच्या दरम्यान कुठेही असू शकतो. समजा तो १४६ वर चालतोय. त्याची चौपट ५८४ होते. नागपूरच्या ५८५ शी तिचा फरक १ किलोहर्ट्झ, आणि तोच कानाला शिट्टी म्हणून ऐकू येतो.

आता बीडकडे वळू. पाकिटावर ‘६०० ओहम’ लिहिलेलं असतं, पण ते १०० मेगाहर्ट्झला मोजलेलं असतं आणि ही अट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. खालच्या फ्रिक्वेन्सीला बीड म्हणजे जेमतेम १ मायक्रोहेन्रीची छोटी कॉइलच. ५८४ किलोहर्ट्झला तिचा अडथळा येतो सुमारे ४ ओहम. शिट्टीला तो जाणवतही नाही. त्याच जागी १०० मायक्रोहेन्रीची साधी कॉइल घातली, तर अडथळा ३७० ओहमच्या आसपास जातो.

मग सगळीकडे कॉइलच का घालू नये? कारण कॉइलच्या वेढ्यांमध्ये नकळत कपॅसिटन्स तयार होतो. तो १० पिकोफॅरड धरला, तर ही कॉइल ५ मेगाहर्ट्झपर्यंतच कॉइल म्हणून वागते. त्यापुढे ती कपॅसिटरसारखी वागू लागते आणि १०० मेगाहर्ट्झला तिचा अडथळा १६० ओहमवर उतरतो. तिथे बीड मात्र आपले पूर्ण ६०० ओहम दाखवतो.

पण खरा फरक आकड्यांपेक्षा खोल आहे. चांगली कॉइल ऊर्जा चुंबकीय क्षेत्रात साठवते आणि पुढच्याच क्षणी परत करते. नको असलेला आवाज ती अडवते, संपवत नाही. जोडीला कपॅसिटर आला की ही देवाणघेवाण सुरू राहते आणि सर्किट थरथरू लागतं. बीडचं फेराइट मुद्दामच असं निवडलेलं असतं, की वरच्या फ्रिक्वेन्सीला त्याचं चुंबकत्व बदलत्या क्षेत्राशी जुळवून घेऊ शकत नाही, मागे पडतं. या मागे पडण्यात ऊर्जेची उष्णता होते. म्हणून त्या ६०० ओहमांतला मोठा भाग चक्क रेझिस्टन्स असतो. डीसीसाठी मात्र बीड म्हणजे ओहमच्या अंशाएवढी तार.

वरठीच्या मित्रांनी आता असं करावं. मोड्यूलच्या अगदी जवळ आधी १०० मायक्रोहेन्रीची कॉइल, मग त्याच वायरीत आधीचा बीड. दोन्हींच्या पुढे, रेडिओच्या बाजूला, पॉझिटिव्ह-निगेटिव्हमध्ये १ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर आणि १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक. नुसता सिरॅमिक ठेवला, तर तो आणि कॉइल १६ किलोहर्ट्झच्या सुमाराला थरथरतात. इलेक्ट्रोलिटिकचा अंगचा रेझिस्टन्स ती थरथर दाबून टाकतो. हे सगळं रेडिओच्या टोकाला लावू नका, नाहीतर मधली वायर अँटेना होऊन आवाज हवेतूनच रेडिओत पोचवेल.

आणखी एक जपा. १ अँपिअरच्या बीडमधून १ अँपिअर जाऊ देणं म्हणजे त्याचं काम बंद पाडणं. डीसी करंट वाढला की फेराइट सॅच्युरेट होतं आणि बीडचा अडथळा झपाट्याने घसरतो. बीड जळत नाही, गरमही फारसा होत नाही, म्हणून बिघाड लक्षात येत नाही. रेटिंगच्या पाचव्या हिश्शापर्यंतच करंट ठेवावा. रेडिओ १०० ते २०० मिलिअँपिअर घेतो, त्याला १ अँपिअरचा बीड पुरतो.

एवढं करूनही शिट्टी राहिली, तर ती दोन्ही वायरींवरून एकाच दिशेने येते आहे असं समजा. तिथे ना बीड कामाचा, ना ही कॉइल. त्यासाठीच कॉमन-मोड चोक असतो, आणि तो पुढच्या आठवड्यात नक्की. तोवर कोणताही भाग विकत घेण्याआधी आपला त्रास कोणत्या फ्रिक्वेन्सीचा आहे ते शोधा: मीडियम वेव्हच्या शिट्टीला कॉइल, एफएमच्या खरखरीला बीड.