पाळ्यांचे नवे वेळापत्रक आणि त्याची सूचना

कारखान्यात फिरत्या पाळ्यांचे नवे वेळापत्रक लागू करायचे असेल, तर त्याची सूचना आधी फलकावर लागते. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ मधील कलम ९अ प्रमाणे सेवाशर्तीत असा बदल करण्यापूर्वी कामगारांना २१ दिवसांची नोटीस द्यावी लागत असे. औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्येही हीच मुदत ठेवली आहे. कामगाराने घरची घडी बसवण्यासाठी हे दिवस असतात. मात्र काय बदलते आणि का, हे सूचनेत उघड लिहिलेले असेल तरच त्यांचा उपयोग होतो.

उदाहरण म्हणून प्लॅस्टिकचे सुटे भाग ओतणारा एक कारखाना घेऊ. तिथे वीस-वीस ऑपरेटरांचे तीन गट आठवड्याचे सहा दिवस चालतात. पहिली पाळी सकाळी ७ ते दुपारी ३, दुसरी ३ ते रात्री ११ आणि रात्रपाळी ११ ते सकाळी ७. रविवारी मशीन बंद. सोमवारी ती पुन्हा तापवण्यात वेळ जातो आणि सुरुवातीचा माल भंगारात टाकावा लागतो. मागणी वाढली की रविवारीही मशीन चालवतात, आणि तीच माणसे ओव्हरटाइमला बोलावली जातात. म्हणून व्यवस्थापनाने आणखी वीस जण भरून चौथा गट केला आणि कारखाना सातही दिवस चालवायचे ठरवले.

सूचनेत कारण म्हणून नेमके हेच लिहायला हवे. ‘प्रशासकीय कारणास्तव’ एवढ्यावर भागवले, तर खरे कारण कँटीनमध्ये शोधले जाते आणि तिथे ते निम्मेच सापडते.

नवा क्रम आठ दिवसांचा आहे: दोन दिवस पहिली, दोन दिवस दुसरी, दोन रात्री आणि मग दोन दिवस सुट्टी. आठ दिवसांत सहा पाळ्या म्हणजे ४८ तास. आठवड्याची सरासरी ४२ तास. हा क्रम पुढे सरकणारा आहे, आणि त्यातच त्याचा मोठा फायदा आहे. पहिली पाळी ३ वाजता सुटली की दुसऱ्या पाळीसाठी दुसऱ्या दिवशी ३ वाजता यायचे, म्हणजे मध्ये पूर्ण २४ तास मिळतात. दुसरीकडून रात्रपाळीकडे जातानाही तेवढेच. क्रम उलटा असता, तर सकाळी ७ वाजता रात्रपाळी संपवलेल्याला त्याच दुपारी ३ वाजता हजर व्हावे लागले असते. घरी जाणे, जेवणे, झोपणे आणि परत येणे, सगळे आठ तासांत. शिवाय शरीराचे घड्याळ झोप लवकर घेण्यापेक्षा लांबवणे सहज स्वीकारते.

या वेळापत्रकाची अडचण रविवारची आहे. क्रम आठ दिवसांचा आणि आठवडा सात दिवसांचा, त्यामुळे सुट्टी दर फेरीला एक वार पुढे सरकते. आठ आठवड्यांत सुट्टीचे रविवार फक्त दोन येतात. ओव्हरटाइमला दुप्पट दराने मिळणारे पैसेही आटतात. फलकासमोर उभ्या राहिलेल्या माणसाचे पहिले दोन प्रश्न हेच असतात. सूचनेने त्यांना बगल देऊ नये. मूळ पगार कायम राहील का, रात्रपाळीचा भत्ता किती, पुढच्या आठ आठवड्यांत कोणत्या गटाला कोणत्या तारखांना सुट्टी, हे सगळे मराठीत छापावे. कारखान्यात लावायच्या सूचना इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात, असे कारखाने अधिनियम, १९४८ सांगत असे.

बदल मागण्याची वाट दोन प्रकारची ठेवावी लागते. एक-दोन दिवसांसाठी आपसांत अदलाबदल हा पहिला प्रकार. यात अर्ज टाइम ऑफिसात, दोघांच्या सह्या, सुपरवायझरची सही आणि किमान दोन दिवस आधी, एवढे पुरते. पण सही करण्यापूर्वी सुपरवायझरने दोन गोष्टी पाहायच्या. दोघांना तेच मशीन चालवता येते का? आणि कुणाच्या पाळ्या लागून येत नाहीत ना? बुधवारी दुसरी पाळी असलेल्याने त्याच रात्रीची मित्राची पाळी घेतली, तर दुपारी ३ पासून सकाळी ७ पर्यंत सलग १६ तास होतात. दोघांची संमती असली तरी असा अर्ज नामंजूरच व्हायला हवा. तो तसा झाला नाही, तर पहाटे थकलेल्या हाताखाली साचा बंद होत असतो.

दुसरा प्रकार कायमच्या बदलाचा: मधुमेह किंवा फिट्सचा आजार, गरोदरपण, घरी एकट्या पडणाऱ्या रुग्णाची काळजी. इथे डॉक्टरचे प्रमाणपत्र किंवा लेखी कारण जोडून अर्ज कार्मिक विभागाकडे जातो. उत्तर किती दिवसांत मिळेल आणि तोवर माणूस कोणत्या पाळीत येईल, हे सूचनेतच नमूद असावे. नकार असेल तर तो कारणासह लेखी द्यावा, आणि त्यावर दाद कोणाकडे मागायची, त्या पदाचे नाव त्याच कागदावर असावे.