हार्ड डिस्कच्या शेजारी बसलेला ब्लूटूथ

डोंबिवलीत राहणाऱ्या एक बाई व्हिडिओंना मराठी सबटायटल लिहून देतात. दिवसाचे सहा-सात तास कानाला हेडफोन. लॅपटॉप जुना, त्यातला मूळचा ब्लूटूथ अधूनमधून गायब व्हायचा, म्हणून त्यांनी नखाएवढा यूएसबी डोंगल घेऊन तो लावला होता. काही दिवस सगळं सुरळीत चाललं आणि मग आवाज तुटायला लागला. वाक्य अर्ध्यावर गिळलं जायचं, पुढचे दोन शब्द एकदम यायचे, पुन्हा शांतता. हेडफोन गेला, असं ठरवून त्यांनी नवा मागवला. नव्यातही आवाज तसाच तुटला. फोनला मात्र दोन्ही हेडफोन अगदी व्यवस्थित चालत होते.

भाचा घरी आला तेव्हा त्याने लॅपटॉपकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाला, "मावशी, ती हार्ड डिस्क जरा काढून बघ ना." मावशींना ते पटलं नाही. हार्ड डिस्कचा आणि कानाचा काय संबंध? पण काढली, आणि आवाज लख्ख झाला. पुन्हा लावली, पुन्हा तुटायला लागला. असं तीनदा करून पाहिल्यावर त्यांची खात्री पटली.

संबंध असा आहे. ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करतो. आणि निळ्या रंगाच्या यूएसबी पोर्टमधून, म्हणजे यूएसबी 3.0 मधून, सेकंदाला 5 गिगाबिट वेगाने माहिती धावते. इतक्या वेगाने उघडझाप करणारी वीज जोडणीच्या फटीतून आणि केबलच्या आवरणातून थोडी बाहेर पाझरते, आणि पाझरताना रेडिओ लहरींचा गोंगाट करते. तो गोंगाट नेमका 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपासही पसरलेला असतो. हे ऐकीव नाही. इंटेल कंपनीने 2012 मध्ये स्वतःच्या तांत्रिक टिपणात हे मोजून दाखवलं होतं. जोडलेल्या डिस्कच्या जवळ त्या पट्ट्यातला गोंगाट सुमारे 20 डेसिबलपर्यंत चढू शकतो, असं त्यात म्हटलं आहे. 20 डेसिबल म्हणजे शंभर पट. शेजारच्या खोलीत कुणी कुजबुजत असताना आपल्या कानाशी मिक्सर सुरू करावा, तशी डोंगलची गत होते. हेडफोनचा उलट येणारा क्षीण संदेश त्याला ऐकूच येत नाही.

गंमत म्हणजे फाइल कॉपी होत असेल तेव्हाच हे होतं असंही नाही. डिस्क जागी असेल तर तिची आणि लॅपटॉपची जोडणी रिकामी असतानाही काहीतरी बोलत राहते. त्यामुळे पुष्कळदा डिस्क नुसती लावलेली असली तरी पुरतं.

उपाय स्वस्त आहे आणि साध्या दुकानात मिळतो. एक मीटरची यूएसबी 2.0 एक्स्टेंशन केबल घ्यायची, डोंगल तिच्या टोकाला लावायचा आणि टेबलावर डिस्कपासून हातभर दूर ठेवायचा. केबल जमत नसेल तर निदान डोंगल लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूच्या काळ्या पोर्टमध्ये टाकायचा. गोंगाट अंतराबरोबर झपाट्याने उतरतो, त्यामुळे हातभर जागाही पुष्कळ होते. डिस्कची केबल जाड आणि चांगल्या आवरणाची असेल तर आणखी फरक पडतो. डिस्कबरोबर आलेली केबल हरवली म्हणून स्टेशनबाहेरून आणलेली पातळ केबल वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. बाईंनी केबल लावली आणि तुटणं जवळपास थांबलं.

जवळपास, कारण संध्याकाळी ते पुन्हा डोकं वर काढायचं. इथे दुसरा गुन्हेगार होता, आणि तो घरोघरी असतो.

ब्लूटूथला त्या पट्ट्यात एकूण 79 वाटा मिळतात, प्रत्येक एक मेगाहर्ट्झ रुंदीची. तो एका वाटेवर थांबत नाही, सेकंदाला 1600 वेळा उड्या मारत राहतो. एखादी वाट खराब निघाली तर ती सोडून पुढे जायचं, हा त्यामागचा डाव. 2003 पासून तो आणखी हुशार झाला आहे. कुठल्या वाटांवर गर्दी आहे याची नोंद ठेवून तो त्या वगळतो. पण 2.4 गिगाहर्ट्झवरचा एक वायफाय राउटर यातल्या साधारण वीस वाटा व्यापून बसतो. चॅनेल 1, 6 आणि 11 वर तीन राउटर असले की मोकळ्या वाटा फार थोड्या उरतात. आता डोंबिवलीतल्या सात मजली इमारतीत संध्याकाळी किती राउटर जोरात चालू असतात, याचा हिशोब वाचकांनीच करावा.

तरीही आवाज लगेच का तुटत नाही? हेडफोनमध्ये एक छोटी टाकी असते. सेकंदाच्या काही भागाइतका आवाज तो आधीच साठवून ठेवतो आणि त्यातून वाजवत राहतो. एखादा तुकडा वाटेत हरवला तर लॅपटॉप तो पुन्हा पाठवतो, आणि टाकीत पाणी असेपर्यंत ऐकणाऱ्याला काही कळत नाही. हरवणाऱ्या तुकड्यांचा वेग भरण्याच्या वेगापेक्षा वाढला की टाकी कोरडी पडते. ते कोरडं पडणं म्हणजेच अडखळणं. म्हणून वायफाय थोडं त्रासदायक असेल तर काही जाणवत नाही, आणि जरा वाढलं की एकदम सगळं बिघडतं.

लॅपटॉपच्या आतला ब्लूटूथ वापरणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी असते. वायफाय आणि ब्लूटूथ बहुधा एकाच चिपवर असतात, पुष्कळदा अँटेनाही एकच. दोघे आळीपाळीने बोलतात. मोठी फाइल 2.4 वर उतरवायला लावली की वायफाय हावरटपणा करतं आणि ब्लूटूथच्या वाट्याला तुकडे येतात. हे ओळखायचं सोपं आहे. लॅपटॉपमध्ये आधीच असलेलं गाणं लावायचं आणि वायफाय बंद करायचं. आवाज सुधारला तर दोष हेडफोनचा नाही.

मग वायफाय 5 गिगाहर्ट्झवर न्यायचं. बरेच राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात, त्यामुळे लॅपटॉप कुठे जोडलाय हे नावावरून कळत नाही. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून हे लिहावं:

```
netsh wlan show interfaces
```

येणाऱ्या यादीत `Channel` ची ओळ बघायची. 1 ते 13 असेल तर 2.4, 36 किंवा त्याहून मोठा आकडा असेल तर 5. नव्या विंडोजवर `Band` अशी वेगळी ओळही येते, ती असेल तर तीच वाचावी. राउटरच्या सेटिंगमध्ये 5 गिगाहर्ट्झला वेगळं नाव देता येतं, म्हणजे लॅपटॉप आपोआप खाली घसरत नाही. मर्यादा एवढीच की 5 गिगाहर्ट्झ भिंतींपुढे लवकर हरतं. राउटर हॉलमध्ये आणि काम आतल्या खोलीत असेल तर नेट मंद होईल. बाईंच्या घरी एकच भिंत आड होती, त्यामुळे निभावलं.

नव्या हेडफोनने दुसराही एक त्रास दिला होता. पहिल्या दिवशी तो लॅपटॉपला जोडलाच जाईना. कारण अगदी घरगुती होतं. आधी तो फोनला जोडला होता. चालू होताच तो ओळखीच्या फोनकडे पळायचा आणि लॅपटॉपला दिसायचाच नाही. चालू असणं आणि जोडायला तयार असणं या दोन वेगळ्या अवस्था आहेत. फोनचा ब्लूटूथ बंद करून, हेडफोनचं बटण काही सेकंद दाबून दिवा भराभर लुकलुकू लागला की मगच लॅपटॉपवर `Add device` करायचं. काही हेडफोन यादीत दोनदा येतात, एका नावाच्या आधी `LE_` असतं. तो नियंत्रणाचा दरवाजा आहे, त्यातून आवाज येत नाही. दुसरं नाव निवडावं.

जुन्या जोडीचं बिनसलं असेल तर लक्षणं वेगळी. लॅपटॉप `Paired` म्हणतो, पण जोडणी होत नाही. पहिल्यांदा जोडताना दोघे एक गुप्त किल्ली ठरवतात आणि ती दोन्हीकडे साठवली जाते. हेडफोन रीसेट केला, किंवा त्याची लक्षात ठेवायची यादी भरून जुनं नाव गळलं, तर त्याची किल्ली जाते आणि लॅपटॉपकडची राहते. मग दोघे एकमेकांना ओळखत नाहीत. कितीही वेळा `Connect` दाबलं तरी उपयोग नाही. लॅपटॉपवर `Remove device` करायचं, हेडफोन त्याच्या माहितीपत्रकाप्रमाणे रीसेट करायचा आणि नव्याने जोडायचं.

डोंगल वापरणाऱ्यांसाठी आणखी एक गाठ. विंडोज एका वेळी एकच ब्लूटूथ नीट सांभाळतं. आतला अर्धा जिवंत असेल आणि बाहेरून डोंगल लावला तर दोघांत गोंधळ होतो. `Device Manager` मध्ये आतला ब्लूटूथ `Disable device` करून ठेवावा. आतल्याने जोडलेल्या वस्तू डोंगलला माहीत नसतात, त्या परत जोडाव्या लागतात.

आणि ब्लूटूथचं बटणच सेटिंगमधून नाहीसं होत असेल, जसं बाईंच्या लॅपटॉपचं होत होतं, तर नेहमीचं शटडाउन पुरत नाही. विंडोज पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावं म्हणून स्वतःचा काही भाग जपून ठेवतं. `Shift` दाबून `Shut down` केलं की ते पूर्ण बंद होतं. चार्जर काढून एक-दोन मिनिटांनी चालू करावं. तरी परतलं नाही तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून त्याच मॉडेलचा ब्लूटूथ ड्रायव्हर घ्यावा. कुठल्याही भलत्या साइटवरचे ‘ड्रायव्हर अपडेटर’ टाळावेत.

आता बाईंचं काम बिनतक्रार चालतं, फक्त ऑनलाइन मीटिंग सुरू झाली की हेडफोनमधला आवाज जुन्या लँडलाइनसारखा चपटा होतो. तो बिघाड नव्हे. हेडफोनचा माइक चालू झाला की ब्लूटूथ संगीताची रुंद वाट सोडून बोलण्याच्या अरुंद वाटेवर येतो, कारण त्या जुन्या पद्धतीत चांगला आवाज आणि माइक एकदम देता येत नाही. भाच्याने मीटिंगच्या सेटिंगमध्ये `Microphone` म्हणून लॅपटॉपचा माइक निवडून दिला आणि हेडफोन फक्त ऐकायला ठेवला. बाईंना समोरच्यांचा आवाज स्वच्छ येतो. समोरच्यांना मात्र दुपारी बाराच्या सुमारास कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात.