हॅम्बुर्गचा एजंट आणि एका पानाचं पत्र

समजा, सांगलीच्या एका हळद निर्यातदाराला हॅम्बुर्गमध्ये विक्री एजंट नेमायचा आहे. हा एजंट माल विकत घेत नाही. तो ऑर्डर मिळवून देतो, बिल थेट ग्राहकाच्या नावावर निघतं आणि त्याला कमिशन मिळतं. नेमणुकीला एका पानाचं पत्र पुरतं. त्यात सगळ्यात महागात पडू शकते ती प्रदेशाची ओळ.

‘जर्मनीसाठी आपली नेमणूक करत आहोत’ एवढंच लिहून भागत नाही. जर्मन कायद्यानुसार एजंटाला ठरावीक प्रदेश नेमून दिला, की तिथल्या ग्राहकाच्या ऑर्डरवर तो कमिशन मागू शकतो, मग ती त्याने आणलेली नसली तरी. वर्षानुवर्षं थेट माल उचलणारं जुनं गिऱ्हाईकही त्यात ओढलं जातं. म्हणून मुरलेला निर्यातदार पत्राला जुन्या ग्राहकांची यादी जोडतो आणि त्यांच्या ऑर्डरवर कमिशन नाही, हे स्पष्ट लिहितो.

कमिशन पाच टक्के, पण कशावर? बिल २०,००० युरोचं आणि त्यात जहाजभाडं व विमा १,५०० युरो असेल, तर संपूर्ण बिलावर १,००० युरो द्यावे लागतात. भाडं-विमा वगळून एफओबी किमतीवर ९२५. ग्राहकाचे पैसे बँकेत जमा झाल्यावरच कमिशन, हेही लिहून ठेवावं. शिवाय ही रक्कम शिपिंग बिलात दाखवलेली हवी, नाहीतर ती परदेशी पाठवताना बँक अडवू शकते.

टार्गेटचा आकडा लिहिणं सोपं. तो हुकला तर काय, हे बरेच जण लिहीत नाहीत. पहिल्या वर्षी चार कंटेनर गेले नाहीत, तर एकमेव एजंटाचा मान जाईल आणि निर्यातदार दुसराही नेमू शकेल, ही अट कामाची. दरमहा अहवालही हवा: कोणाला भेटला, स्पर्धकाचा भाव काय, कोणाची तक्रार आहे, कोणाचं पेमेंट अडकलंय. ‘बाजार बरा आहे’ अशा एका ओळीच्या ईमेलला अहवाल म्हणत नाहीत!

मग नेमणूक संपवायची वेळ येते. युरोपीय समुदायाच्या १९८६च्या निर्देशानुसार पहिल्या वर्षी किमान एक, दुसऱ्या वर्षी दोन आणि पुढे तीन महिन्यांची नोटीस लागते. एजंटाने नवे ग्राहक जोडले असतील आणि त्यांचा धंदा पुढेही निर्यातदाराला मिळणार असेल, तर जर्मनीत भरपाई द्यावी लागू शकते. तिची कमाल मर्यादा गेल्या पाच वर्षांच्या सरासरीने एका वर्षाचं कमिशन. म्हणजे वर्षाला सरासरी ९,००० युरो कमावणारा एजंट ९,००० पर्यंत मागू शकतो. त्याच्याकडून गंभीर कसूर झाली असेल, तर हा हक्क जातो.

‘भरपाई मिळणार नाही’ असं पत्रात आधीच लिहून घेतलं तरी ते टिकत नाही. कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीने ब्रिटनमधल्या एजंटाशी केलेल्या करारात कॅलिफोर्नियाचा कायदा लावला होता. तरीही २००० साली युरोपीय न्यायालयाने एजंटाला निर्देशाचं संरक्षण दिलं.