चित्रकला स्पर्धेचा निकाल लावताना

शाळेच्या फलकावर चित्रकला स्पर्धेचा निकाल लागतो तेव्हा त्यात जेमतेम सहा-सात ओळी असतात. गट, पहिला, दुसरा, तिसरा, दोन उत्तेजनार्थ आणि शेवटी सर्व विजेत्यांचे हार्दिक अभिनंदन. ज्यांनी बक्षीस मिळवले त्यांचे कौतुक व्हायलाच हवे. पण त्याच गटात शंभर मुलांनी कागद रंगवलेले असतात आणि फलकापुढे उभ्या राहिलेल्या बाकीच्या पंच्याण्णव जणांना एवढेच कळते की आपले नाव नाही. का नाही, हे कळायला मार्ग नसतो. गणिताच्या पेपरात चूक कुठे झाली ते लाल शाईत दिसते. चित्र मात्र अनेकदा गठ्ठ्यातच राहते.

हे कारण परीक्षकाला ठाऊक असते, ही यातली खरी खंत. चांगला परीक्षक कसे पाहतो ते समजून घेतले तर फलकावर काय लिहिता येईल तेही लक्षात येते. आधी नाव-वर्ग कागदाच्या मागे जातात आणि पुढे फक्त क्रमांक राहतो. मग एका गटाची सगळी चित्रे वर्गाच्या फरशीवर किंवा बाकांवर एकत्र पसरतात. एकेक चित्र हातात घेऊन गुण दिले तर पहिल्या दहांना कडक आणि शेवटच्या दहांना सैल मोजमाप लागण्याची भीती असते. सगळी समोर असली की तुलना आपोआप होते. पहिल्या फेरीत विषय सोडून गेलेली चित्रे बाजूला निघतात. दुसऱ्या फेरीत पाठ केलेली चित्रे निघतात, आणि ती ओळखणे सर्वांत सोपे असते. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली येणारी नदी, एका काठाला कौलारू घर, दुसऱ्या काठाला नारळाचे झाड. विषय ‘पावसाळा’ असो की ‘स्वच्छता’, हेच चित्र पुन्हापुन्हा येते. फार तर कोपऱ्यात एक छत्री किंवा एक कचरापेटी वाढते.

चौथीच्या गटाला ‘आठवडी बाजार’ हा विषय दिला आहे असे समजू. एका कागदावर रंग एकसारखे भरलेले आहेत, रेघेबाहेर ठिपकाही नाही, कडेला पट्टीने चौकट आखली आहे. माणसे मात्र सगळी एका मापाची, समोर पाहणारी आणि हात खाली सोडलेली. दुसऱ्या कागदावर तेलखडू फासला गेला आहे आणि उजवा कोपरा कोराच राहिला आहे. पण त्यात भाजीवाली बाई माणसांच्या दुप्पट मोठी आहे, तराजूचे एक पारडे खाली गेले आहे, टोपल्या वरून पाहिल्यासारख्या गोल आहेत, कारण बाजूने काढल्या असत्या तर आतली वांगी दिसली नसती. ताडपत्रीच्या सावलीखालच्या भाजीचा हिरवा आणि उन्हातल्या भाजीचा हिरवा वेगळा आहे.

घाईत पाहणारा पहिले चित्र निवडेल. जाणकार परीक्षक दुसऱ्यापाशी थांबेल, कारण हे मूल बाजारात उभे राहून आलेले आहे. मोठी भाजीवाली आणि वरून दिसणाऱ्या टोपल्या या त्याच्या चुका नाहीत. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 साली प्रसिद्ध केलेल्या मुलांच्या कलाविकासावरील पुस्तकात सात ते नऊ या वयाबद्दल हेच मांडले आहे: जे महत्त्वाचे वाटते ते मूल मोठे काढते, आणि जे ठाऊक आहे ते दिसत नसले तरी दाखवते. एकाच चित्रात समोरून आणि वरून, अशा दोन्ही नजरा येतात. त्या वयाला तेच स्वाभाविक आहे.

नंतरची दोन-तीन वर्षे अधिक नाजूक असतात. पाचवी-सहावीच्या सुमारास मुलाला आपले चित्र खऱ्यासारखे दिसत नाही हे स्वतःलाच खुपू लागते. हात मनासारखा वळत नाही, मग ‘मला चित्र येत नाही’ असे म्हणून कागद बाजूला पडतो. नेमक्या याच वयात फलकावर फक्त पाच नावे लागली, तर त्या मुलाला स्वतःच्या शंकेचा पुरावा मिळाल्यासारखे होते.

स्पर्धेचा चित्रावर काय परिणाम होतो, हे तपासलेलेही आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ टेरेसा अमाबिले यांनी सात ते अकरा वर्षांच्या मुलींचे दोन मेळावे भरवले आणि दोन्हीकडे कागदाचे तुकडे चिकटवून चित्रे करायला दिली. एकीकडे सांगितले की उत्तम चित्रांना बक्षीस आहे. दुसरीकडे तीच बक्षिसे चिठ्ठ्या टाकून वाटायची होती. कोणते चित्र कोणत्या मेळाव्यातले हे न सांगता ती कलावंतांना दाखवली, तेव्हा स्पर्धेतल्या मुलींच्या चित्रांत कल्पकता कमी आढळली. 1982 साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग फक्त बावीस मुलींवरचा होता, म्हणून त्यावरून स्पर्धाच बंद करा असे म्हणणे उतावीळपणाचे ठरेल. तरी पाठ केलेले डोंगर कुठून येतात याचा धागा त्यात सापडतो. बक्षीस डोळ्यांसमोर असले की मूल हमखास जमणारे तेच काढते.

त्याआधी, 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांचा बालवाडीतल्या मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला होता. मुळातच चित्र काढायची आवड असलेली मुले त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितले की चित्र काढलेस तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेले प्रमाणपत्र मिळेल. काहींना तेच प्रमाणपत्र न सांगता, नंतर दिले. काहींना काहीच दिले नाही. पुढे वर्गात रंगीत पेन नुसती ठेवली, तेव्हा आमिष दाखवलेल्या मुलांनी चित्रांत इतरांच्या निम्माच वेळ घालवला. अचानक शाबासकी मिळालेल्यांची आवड मात्र कमी झाली नाही. स्पर्धा घेणाऱ्या शिक्षकांसाठी यातला हा दुसरा भाग जास्त कामाचा आहे. कौतुकाने बिघडत नाही. आधी लावलेल्या अटीने बिघडते.

मग निकाल कसा लावावा? विजेत्यांची नावे ठळक अक्षरांत यावीतच, पण प्रत्येक नावापुढे एक वाक्य असावे: ‘ऊन आणि सावलीतला हिरवा वेगळा दाखवला’, ‘गर्दीतली प्रत्येक व्यक्ती वेगळे काम करते आहे’. ‘सुंदर रंगसंगती’ असे लिहून भागत नाही, कारण ते कुठल्याही चित्राला चालते. अशी वाक्ये वाचून बाकीच्या मुलांना पुढच्या वेळी काय पाहायचे ते कळते, आणि पालकांनाही कळते की चौकट आखून दिल्याने गुण वाढत नाहीत.

बक्षीस न मिळालेल्या चित्रांवरही एक ओळ लिहिता येते. शंभर चित्रे, प्रत्येकी एक मिनिट म्हटले तरी पावणेदोन तास लागतात. दोन शिक्षकांनी वाटून घेतले तर तासाभरात काम उरकते. ‘बैलाचे पाय चालताना वाकतात, ते तू बरोबर टिपलेस. आता गाडीचे चाक एकदा समोर बसून काढ.’ यात शाबासकी आहे आणि पुढचे कामही आहे. ‘प्रयत्न चांगला, सराव कर’ या शेऱ्यात दोन्ही नाही.

महाराष्ट्रात याला जवळची व्यवस्था जुनीच आहे. शासकीय रेखाकला परीक्षा, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, यांत उत्तीर्ण मुलांना अ, ब, क अशी श्रेणी मिळते. एकाला अ मिळाली म्हणून दुसऱ्याची अ जात नाही. शाळेच्या स्पर्धेतही तीन क्रमांकांच्या जोडीला अशी श्रेणी देता येईल, म्हणजे चौथ्या आणि नव्वदाव्या चित्राला एकाच रांगेत उभे राहावे लागणार नाही.

शेरा लिहायचा तो कागदाच्या मागे आणि पेन्सिलीने. जलरंगाच्या पातळ कागदावर शाई पुढे उमटते आणि चित्र खराब होते. निकालानंतर सगळीच चित्रे व्हरांड्यात दोरीला चिमट्यांनी आठवडाभर लावावीत, वर्गवार आणि क्रमांकांची सरमिसळ करून. बक्षीसपात्र चित्रे वेगळ्या भिंतीवर नकोत. आठवडा झाला की प्रत्येक चित्र ज्याचे त्याला परत द्यावे, आणि पुढच्या स्पर्धेचा विषय त्याच दिवशी सांगून टाकावा.