दोन लेबलं आणि साठ ग्रॅम प्रथिनं

माझ्या मैत्रिणीला आहारतज्ज्ञांनी रोजचं लक्ष्य दिलं होतं: १५०० कॅलरी आणि ६० ग्रॅम प्रथिनं. आठवड्याभराने तिने मला दोन स्क्रीनशॉट पाठवले, एक सकाळच्या म्यूसलीच्या लेबलचा, दुसरा सोया चंक्सचा. सोबत तिचा हिशेब होता. म्यूसलीतून १८ ग्रॅम, सोयातून ४७. "दोन पदार्थांतच ६५ झाले गं, मग डाळ-उसळ कशाला खाऊ?" असं तिने विचारलं होतं. तिची बेरीज बरोबर होती, पण मांडलेले आकडे चुकले होते.

म्यूसलीच्या लेबलवर दोन रकाने होते. पहिल्यात १०० ग्रॅमला ४०० कॅलरी आणि १० ग्रॅम प्रथिनं. दुसऱ्यात ३० ग्रॅम म्यूसली २०० मिली दुधासह, आणि प्रथिनं ९ ग्रॅम. ती ६० ग्रॅम खाते म्हणून तिने दुसऱ्या रकान्यातला आकडा दुप्पट केला. या ९ ग्रॅममधली सहा दुधाची होती. स्क्रीनशॉट कापताना रकान्याचं शीर्षकच निघून गेलं होतं, त्यामुळे तिला ते कळायला मार्ग नव्हता. पहिल्या रकान्याने मोजलं तर ६० ग्रॅम म्यूसलीत २४० कॅलरी आणि ६ ग्रॅम प्रथिनं येतात. वाटीत घातलेलं दूध वेगळं मोजायचं.

सोयाची चूक याहून मोठी, आणि फार घरांत होते. १०० ग्रॅमला ३४५ कॅलरी आणि ५२ ग्रॅम प्रथिनं हे आकडे कोरड्या चंक्सचे आहेत. तिने भिजवून, पिळून ९० ग्रॅम तोलले होते. चंक्स पाणी पिऊन जवळजवळ तिप्पट जड होतात, म्हणजे मूळचे ३० ग्रॅमच. त्यात १०४ कॅलरी आणि १५.६ ग्रॅम प्रथिनं.

आता दोन्ही मिळून ३४४ कॅलरी आणि २१.६ ग्रॅम. दिवसाचे ११५६ कॅलरी आणि ३८.४ ग्रॅम अजून बाकी होते. म्हणजे डाळ, उसळ, दही, अंडी सगळंच हवं होतं.

आकडे एकाच रकान्यातले आहेत का, हे पडताळायची सोय लेबलमध्येच असते. प्रथिनं आणि कर्बोदकं प्रत्येकी ४ ने, स्निग्धांश ९ ने गुणून बेरीज करायची. या सोयाचं लेबल ५२, ३३ आणि ०.५ सांगतं, म्हणजे २०८, १३२ आणि ४.५, एकूण ३४४.५. छापलेल्या ३४५ शी जुळलं. तंतू जास्त असलेल्या पदार्थात थोडा फरक पडतो, पण बेरीज निम्मी किंवा दुप्पट आली तर नजर दुसऱ्या रकान्यात गेली आहे असं समजावं.

लेबलवरची टक्केवारी मात्र या हिशेबात घेऊ नये. आपल्याकडे ती २००० कॅलरींच्या आहारावर काढलेली असते, आणि मैत्रिणीचं लक्ष्य १५०० चं आहे.

लेबलचा फोटो काढाल तेव्हा 'प्रति १०० ग्रॅम' ही ओळ त्यात येऊ द्या, आणि सोया भिजवण्याआधी तोला.